शुद्धलेखनात पैकीच्या पैकी

सौंसरच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. सगळ्या पाट्या हिंदीत असलेल्या गावात ऱ्हस्व-दीर्घाची राखण करणारा माणूस म्हणून लोक मला मान देत, आणि माझ्या माघारी हसतही. दोन्ही मला ठाऊक होतं. पण मान जास्त मनावर घेतला, तिथंच घोटाळा झाला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या शेंडेफळाला, म्हणजे माझ्या भाचीला, नर्स व्हायचं होतं. नागपूरकडच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजची वेबसाइट तिनं मला दाखवली. "मामा, तुमीच पाहा. मले काही समजत नाही." बस! मी चष्मा पुसला, नवी वही काढली आणि तीन दिवस ती साइट वाचली. प्राचार्यांचं मनोगत दोनदा वाचलं. प्रयोगशाळेच्या फोटोतल्या खाटा मोजल्या. 'मान्यताप्राप्त' हा शब्द सात ठिकाणी सापडला, त्याखाली लाल रेघ मारली. आणि काय सांगू, सबंध साइटवर शुद्धलेखनाची एकही चूक नाही! 'विद्यार्थिनी'तला थि ऱ्हस्व! मी अक्षरशः विरघळलो. असं मराठी लिहिणारा माणूस खोटं कसं बोलेल, असं मला मनापासून वाटलं.

"डोळे मिटून घे ॲडमिशन," मी भाचीला सांगितलं. "अन् त्या सरकारी नर्सिंग कॉलेजच्या फॉर्मच्या मागं लागू नको. नंबर लागला तर लागला, नाही तर वर्ष जाईल." त्या फॉर्मची मुदत दोन दिवसांनी संपत होती.

मुदतीच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मामा, पांढुर्ण्याले चाला माह्यासंगं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल बाईले एक डाव दाखवून घेऊ." मला राग आला. तरी वही बगलेत मारून मी बसमध्ये बसलो, बाईंना चार गोष्टी समजावून सांगाव्यात म्हणून.

बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. मी वही उघडून मनोगतापासून सुरुवात केली. त्यांनी साइट एकदा पाहिली, कॉलेजचं नाव टिपलं आणि माझ्यादेखत ती बाजूला सारली.

"अहो, वाचा तर!" मी म्हणालो.

"सर, हे त्यायनं सोताबद्दल लिहिलं आहे. ते चांगलंच लिहिणार. दुसरे यायच्याबद्दल काय म्हणून राहिले, ते पाहू."

त्यांनी शेजारी नवं पान उघडून कॉलेजचं नाव शोधलं. आलेल्या दुव्यांपैकी पहिल्यावरच क्लिक न करता आधी सगळे खालपर्यंत नजरेखालून घातले. एका वर्तमानपत्राची बातमी निघाली: तिथल्या मुलींना परीक्षेच्या वेळी कळलं, की कॉलेजला मान्यताच नाही. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तिसरं पान उघडून त्यांनी नर्सिंग परिषदेची साइट काढली. कॉलेजनं दिलेल्या दुव्यावरून नाही हं, स्वतः शोधून. मान्यता असलेल्या कॉलेजांच्या यादीत जवळपास त्याच नावाचं एक होतं, पण ते दुसऱ्या जिल्ह्यातलं. आमचं नव्हतंच.

माझे तीन दिवस, त्यांची पाच मिनिटं. "पण शुद्धलेखन..." मी पुटपुटलो. बाईंनी हसू दाबलं. भाचीनं दाबलं नाही.

मग घाई झाली. सरकारी कॉलेजचा फॉर्म तिथल्याच संगणकावर भरला. मार्कशीट अपलोड होईना. मी सोड म्हटलेली गोष्ट माझ्याच डोळ्यांसमोर सुटत होती. पाचला मुदत संपायची, त्याच्या थोडं आधी पावती निघाली, तेव्हा भाचीचे डोळे भरले आणि मी उगीच त्या पावतीतल्या चुका काढू लागलो. तीन सापडल्या.

संध्याकाळी बहिणीकडे बसून मी हे सगळं रंगवून सांगितलं, स्वतःची यथेच्छ टर उडवत. भाची पोट धरून हसत होती. बहीण भाकरी थापत होती. ती हसली नाही.

"माह्या वक्ती बी तू असंच करून आला होता, दादा," ती म्हणाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबांनी मला लोधीखेड्याला तिच्यासाठी स्थळ पाहायला पाठवलं होतं. मी मुलाच्या घरी बसलो, पोहे खाल्ले, त्याचं बोलणं ऐकलं, त्याचं सुंदर अक्षर पाहिलं आणि घरी येऊन 'उत्तम' म्हणालो. शेजारचं एकही दार वाजवलं नाही. त्याच्या दारूबद्दल सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"काय बोलू? तुले वाईट वाटलं असतं." तिनं भाकरी उलटली आणि पोरीकडे पाहिलं. "हिले मीच सांगतलं होतं, मामानं हो म्हटलं तं आणखी कोणाले तरी विचारजो."