चार ओळींचा संदर्भ

रायली कोस्किमा औलूच्या विद्यापीठात आमच्या विभागाची कचेरी सांभाळायची, पण तिची खरी ख्याती वेगळीच होती. कुणाचाही शोधनिबंध परिषदेच्या दोन कॉलमी साच्यात बसवायचा असला की माणसं तिच्याकडे धावायची. आकृत्या जागेवर, तक्ते कॉलमात, आणि शेवटच्या पानावरचे दोन्ही कॉलम तळाशी एका रेषेत. "रायलीचं शेवटचं पान," असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. मी तिच्या समोरच्या टेबलावर बसतो, म्हणून मला हे सगळं जवळून माहीत.

त्या वसंतात वेइक्कोचा निबंध तिच्याकडे आला. वेइक्को पीएचडी करणारा, आणि हा त्याचा पहिलाच निबंध. सगळं छान बसलं, फक्त संदर्भांच्या यादीचं शेवटचं पान ऐकेना. तेराव्या संदर्भाच्या आधी कॉलम तोडला तर उजवा कॉलम चार ओळींनी लांब. नंतर तोडला तर डावा लांब. तो संदर्भ होताच चार ओळींचा.

साच्याच्या सूचनेत लिहिलं होतं, कॉलम शक्यतो सारखे ठेवा. चार ओळींचा फरक कुणी मनावर घेतला नसता. रायलीनं घेतला. मजकुरात तो ज्या वाक्यापाशी आला होता तिथं बारा, तेरा, चौदा असे तीन संदर्भ ओळीनं होते. त्यातला एक गेला तर काय बिघडतं? तिनं तेरावा काढून टाकला. पुढचे सगळे आकडे संगणकानं आपोआप एकेकानं खाली आणले, मजकुरातलेही बदलले. दोन्ही कॉलम बरोबरीत आले. वेइक्कोला न विचारता तिनं अंतिम प्रत पाठवून दिली.

पण निबंधातला आलेख म्हणजे तयार चित्र होतं. त्यातली एकेक रेषा एकेका जुन्या पद्धतीची, आणि त्या रेषांना वेइक्कोनं स्वतः त्या-त्या संदर्भाचे आकडे दिले होते, आणि चित्रातले आकडे आपोआप कसे बदलणार? सगळ्यात खालची, सगळ्यात वाईट निकालाची रेषा सतरा नंबरची. यादीत आता सतराव्या जागी दुसऱ्याच कुणाचं काम आलं होतं.

ते दुसरे कुणी ग्राट्झच्या परिषदेत समोरच बसले होते. वेइक्कोचं भाषण संपलं तशी फेम्के नावाची डच बाई उठली.

"तुमच्या आलेखात सगळ्यात टाकाऊ रेषा आमच्या नावावर आहे. आमची पद्धत तुम्ही चालवून तरी पाहिली का हो?"

वेइक्कोनं नुसतंच छापील प्रतीकडे पाहिलं. "चूक माझी आहे," एवढंच तो म्हणाला.

परत आल्यावर कॉफीच्या खोलीत त्यानं हे सांगितलं. प्राध्यापक मार्केता तिथंच होती. ती म्हणाली, "अरे, वाचणाऱ्याच्या हातात आकड्याशिवाय काय असतं? तो तरी नीट तपासायचास!" कुणीतरी हसून म्हणालं, "वेइक्को, सतरापर्यंत मोजता येतं ना रे?"

रायली तिथंच कप धरून उभी होती. आकडा ऐकताक्षणी तिला सगळं कळलं होतं. पण तिनं कप विसळला आणि जागेवर येऊन बसली.

दोन दिवस ती तशीच होती. कुणी "रायली, तुझ्या हातात जादू आहे" म्हटलं की मान खाली. वेइक्को बिचारा रोज आपल्या जुन्या फाइली उघडून, आपण कुठं घसरलो ते शोधत होता. तिसऱ्या दिवशी तिला ते बघवेना. ती उठून त्याच्या दारात गेली. दार उघडंच होतं, मला सगळं दिसलं, ऐकू आलं.

"वेइक्को, शोधू नकोस. तेरावा संदर्भ मी काढला. कॉलम सारखे दिसावेत म्हणून."

वेइक्कोनं उघडी फाइल बंद केली.

"काढलास ते एक वेळ समजू शकतो," तो म्हणाला. "पण परवा मला सगळे हसत होते, तेव्हा तू तिथंच होतीस ना?"

"होते."

"मग?"

रायलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

त्याच दुपारी तिनं मार्केताला सांगितलं, आणि परिषदेच्या संपादकांना, आणि फेम्केलाही स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. छापलेला निबंध बदलता येत नव्हता. त्याला दुरुस्तीची एक टीप जोडली गेली. फेम्केचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. रायलीनं ते मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली.

वेइक्कोनं पुढचा निबंध तिच्याकडे दिला नाही. त्याच्यानंतरचा दिला, वर्षभरानं. तिनं केलेला प्रत्येक बदल कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवला. तिला वाटलं होतं तो वरवर चाळेल. त्यानं पेन्सिल घेतली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत, यादीशी ताडून पाहू लागला. रायली टेबलाशी उभी राहिली. त्यानं बस म्हटलं नाही, आणि तिनंही खुर्ची ओढली नाही.