दाजींनी पुरं केलेलं गाऱ्हाणं

ग्रामस्थ मंडळींनो,

सैन्यात मी बारा वर्षं वैद्यकीय अधिकारी होतो. मेजर म्हणून बाहेर पडलो. त्यानंतरची नऊ वर्षं आपल्या खाडीकाठच्या दवाखान्यात काढली. इतकी लांब पोस्टिंग मला सैन्यातही मिळाली नव्हती. आता सातारला आई एकटी आहे, दोनदा घरात पडली, म्हणून मी हा दवाखाना सोडतो आहे. निरोपाचा एक मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता. तो कार्यक्रमाच्या संध्याकाळी ग्रुपवर टाकणार होतो. तो पुसून हा लिहितो आहे. कारण तुम्हाला माहीत आहे. जे गावाबाहेर आहेत त्यांच्यासाठी सगळं क्रमाने सांगतो.

आधी कामाचं. सैन्यात पोस्ट सोडताना ‘हँडिंग-टेकिंग ओव्हर’ करतात. जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक वस्तू हातात द्यायची, कागदावर नव्हे. शेवटच्या आठवड्यात आम्ही तेच केलं. नव्या डॉक्टर अस्मिता बुधवारी आल्या. ब्लडप्रेशर आणि साखरेचे जे पेशंट नियमित येतात, त्यांना मी पुढच्या तीन दिवसांत बोलावून घेतलं आणि प्रत्येकाची नवीन डॉक्टरांशी समोरासमोर ओळख करून दिली. प्रत्येकाला महिनाभराच्या गोळ्या आणि केसपेपरची एक प्रत दिली. मूळ केसपेपर वाडीप्रमाणे लावलेले आहेत, ते दवाखान्यातच राहतील. डॉक्टर बदलला म्हणून गोळी बदलत नाही, आणि थांबवायची तर मुळीच नाही. साप चावला तर दवाखान्यात न थांबता थेट तालुक्याच्या रुग्णालयात जायचं, हे पूर्वीप्रमाणेच. लशींचा फ्रिज शुभांगी सिस्टर बघतील. नऊ वर्षांत वीज कितीदा गेली ते मी मोजलेलं नाही, पण एकही लस त्यांनी उबेने खराब होऊ दिली नाही. वादळाच्या दिवसांत त्या आइसबॉक्स मांडीवर घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. मी त्यांना कधी तोंडावर शाबासकी दिली नाही. ती इथे देतो.

शनिवारच्या ओपीडीला दाजी तांडेल आले होते. दाजी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या रापणीचे पुढारी. किनाऱ्यावरून दोर ओढून जाळं बाहेर काढायचं, तर पन्नास माणसांचे हात एका वेळी चालायला हवेत. ते चालवणारा आवाज दाजींचा. गावात गाऱ्हाणं घालण्याचा मानही त्यांच्याच घराण्याकडे. वय एकसष्ट. साखर आठ वर्षांपासून, प्रेशर त्याही आधीपासून.

मी नवीन डॉक्टरांना सांगितलं, “ह्यांना मीठ कमी करायला सांगा. माझं ऐकत नाहीत.”

दाजी त्यांना म्हणाले, “बाई, ह्येंनी माझो सुको बांगडो बंद केल्यानी. मिठाशिवाय पेज जेवन् बघा एकदा. ती देवाक पण दाखवची नाय.”

“आणि रात्री हळूच खाता त्याचं काय?” मी विचारलं.

“ता घरकारणीन सांगल्यान? तिका फौजेत न्हेवा. हेर म्हणान बरी आसा.”

प्रेशर एकशे छत्तीस-ब्याऐंशी. त्या दिवशी त्यांना कसलाही त्रास नव्हता. मी विचारलं होतं.

रविवारी माझ्या निरोपाचा कार्यक्रम होता. सकाळीच मंडळाच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, “आज डॉक्टरांचा मानाचा दिवस आहे. कोणीही त्यांना दुखणी सांगू नयेत.” ते प्रेमाने लिहिलं होतं. मीही ते वाचलं आणि त्याला हात जोडलेली खूण टाकली. त्याबद्दल सेक्रेटरींना कोणी काही बोलू नये. मी बोललेलो नाही.

मंडप देवळासमोर होता. सत्कार, श्रीफळ, शाल. शाळेच्या मुलींनी गाणं म्हटलं. मग गाऱ्हाणं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवासमोर उभं राहून एकजण मोठ्याने मागणं मागतो. प्रत्येक मागण्याशेवटी तो ‘म्हाराजा’ म्हणतो आणि सगळा गाव ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला साथ देतो. ज्याच्यासाठी मागायचं त्याने समोर हात जोडून, मान खाली घालून उभं राहायचं. आणि एकदा सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. सोडलं तर ज्याच्यासाठी घातलं त्याच्यावरच ते उलटतं, अशी समजूत आहे.

दाजी उभे राहिले. माझ्यापासून तीन हातांवर. मी मान खाली घातली.

“हे देवा म्हाराजा! आज हो जो डॉक्टर आमच्यात लेकरासारखो ऱ्हवलो, रातीअपराती आमच्या दारात इलो, तो आज आपल्या आवशीकडे जातासा रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“तेच्या वाटेत काय आडवा इला, तर ता बाजूक कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

इथे दाजी थांबले. मला वाटलं, गहिवरले. गावालाही तसंच वाटलं. मागून कोणीतरी हुंदका दिला. दाजींनी श्वास घेतला आणि पुढे मागायला लागले. माझ्या आईच्या पायांसाठी मागितलं. माझ्या मुलीच्या परीक्षेसाठी मागितलं. नव्या डॉक्टरांचं मन इथे रमावं म्हणून मागितलं. मध्ये आणखी दोनदा थांबले. आवाज बारीक झाला होता, पण एकही मागणं त्यांनी गाळलं नाही. मी मान वर केली नाही. रीत तशी होती.

शेवटचं ‘होय म्हाराजा’ झालं आणि मी पाहिलं. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. चेहरा राखेच्या रंगाचा. डावा हात जबड्यावर. हे मी सैन्यात एका सुभेदार साहेबांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. एका नजरेत कळतं.

“दाजी, बसा. इथेच, खाली बसा. छातीत दुखतंय?”

“काय नाय ओ. जरा धरलासा.”

“कधीपासून?”

त्यांच्या पत्नी, पार्वती वहिनी, बायकांमधून पुढे आल्या. “सकाळी उठल्यापासून, डॉक्टर. मी म्हटलंय, तुमका सांगूया. तर माका म्हणाले, आज डॉक्टराक दुखणा सांगूचा नाय म्हणान मंडळान सांगल्यानी. आनी गाराण्याक दुसरो कोण आसा?”

म्हणजे चार तास होऊन गेले होते. हृदयाची नळी बंद होते तेव्हा पहिल्या तासाची किंमत सर्वांत जास्त असते. ते तास दाजींनी घरात आंघोळ करून, धोतर नेसून आणि माझी वाट बघत मंडपात बसून घालवले होते.

दवाखाना दीडशे पावलांवर. खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेलं, चालू दिलं नाही. तातडीची औषधं आम्ही कपाटात बंद केलेली नव्हती. ती कधीच करायची नसतात. सिस्टरांनी ॲस्पिरिन चावायला दिली, दुसरी रक्त पातळ करणारी गोळी दिली, सुई लावली. नवीन डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. पट्टीचा फोटो तालुक्याच्या रुग्णालयात पाठवला. १०८ ला फोन आधीच गेला होता.

पलीकडून तिथल्या डॉक्टरांचा फोन आला.

“ईसीजी बघितला. किती वेळ?”

“चार तासांच्या वर.”

“प्रेशर?”

“नव्वद-साठ.”

“जिभेखालची गोळी दिलेली नाही ना?”

“नाही. प्रेशर कमी आहे.”

“बरोबर. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तयार ठेवतो. घेऊन या.”

ॲम्ब्युलन्स आली. मी आणि सिस्टर मागे बसलो. दाजी शुद्धीवर होते. मला म्हणाले, “तुमचो हार ऱ्हवलो मंडपात.”

“राहू दे. बोलू नका.”

“फौजेत असोच दम देत होतात काय?”

सिस्टर हसल्या. दाजीही हसले. पाच-सात मिनिटांनी त्यांची मान कलली. मॉनिटरवर ठोके नव्हते, नुसती थरथर होती. शॉक दिला. दाब देणं सुरू केलं. पुन्हा शॉक. सिस्टर आणि मी आळीपाळीने छाती दाबत राहिलो. गाडी थांबवली नाही. रुग्णालयात त्यांच्या टीमने हातात घेतलं आणि जेवढं करायचं तेवढं सगळं केलं. दुपारी पावणेदोनला त्यांनी मला बाहेर बोलावलं.

मला विचारलं गेलं आहे की सकाळी आले असते तर वाचले असते का. खात्रीने सांगता येत नाही. पण इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं, आणि माणसं त्याने वाचतात. एवढंच खरं आहे.

म्हणून माझ्या पहिल्या मजकुरात नसलेली एक सूचना इथे लिहितो. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, घाम फुटला, दम लागला, तर डॉक्टर सत्काराला उभा असो, जेवायला बसलेला असो की देवासमोर मान खाली घालून उभा असो, त्याला हाक मारा. साखर असलेल्यांना दुखणं कमी जाणवतं, म्हणून त्यांनी तर आधी. दुखणं सांगायला कोणताही दिवस वर्ज्य नाही. ज्याच्या मानाचा दिवस आहे त्याचा त्यात अपमान होत नाही.

बाराव्यानंतर मी तांडेलांच्या घरी गेलो. त्याआधीच मी मंडळाला कळवलं होतं की माझं जाणं मी पुढे ढकलतो, सहा महिने थांबतो. बहीण आईजवळ थांबायला तयार होती. हे मी पार्वती वहिनींना सांगितलं.

त्या ओटीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “कित्याक ऱ्हवतास?”

“मला जाववत नाही, वहिनी.”

“गाराणा पुरा झाला मां ह्येंचा?”

“झालं. एक शब्द गाळला नाही.”

“मगे? तुमच्या वाटेसाठी मागितल्यानी ना? तुमी गेलासच नाय, तर तेंनी मागितलेला खंय जाताला?” मग म्हणाल्या, “तुमच्या आवशीसाठी पण मागितल्यानी. ती बघता आसतली वाट. जावा तुमी. ता फुकट घालवू नकात.”

मी दुसऱ्या दिवशी मंडळाला सांगितलं की ठरल्याप्रमाणे जातो. सोमवारी सकाळी निघेन. सिस्टरांचे, नवीन डॉक्टरांचे, मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. माझ्यावर तुम्ही नऊ वर्षं विश्वास ठेवलात. पुन्हा कार्यक्रम नको, स्टँडवर कोणी येऊ नये.

सैन्यात ड्यूटीवर असताना जीव गेलेल्या माणसाबद्दल आम्ही लिहायचो, त्याने हाती घेतलेलं काम पूर्ण केलं. लिहिताना त्यात अभिमान असायचा. दाजी तांडेल यांच्याबद्दल मी तेच वाक्य लिहितो आहे, कारण ते खरं आहे. पण त्या दिवशी, दुसऱ्या मागण्याला थांबले तेव्हाच, त्यांनी ते काम अर्ध्यावर टाकायला हवं होतं. माझ्यावर जे उलटायचं ते उलटलं असतं.