अर्ध्या नळीची गोष्ट

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे ‘अर्धीबाई’ म्हणतात. चहा अर्धा कप, डोकेदुखीची गोळी अर्धी, भांडणही अर्ध्यावर सोडून हसणारी. माझ्या स्वभावाला हे झेपत नाही. पण आमची मांजर, ठमी, आज जिवंत आहे ती हिच्यामुळेच. आणि मरायला टेकली होती तीही हिच्यामुळेच.

झालं असं, की आमच्या कुत्र्याच्या मानेवर तिने गोचिडांच्या औषधाची नळी पिळली. अर्धी नळी उरली. ठमी कान खाजवत बसली होती. जावेने हिशेब केला : जनावर लहान, म्हणजे औषध अर्धं.

दुपारी ठमीचे कान फडफडू लागले, मग पाय थरथरायला लागले. मी ‘काही खाल्लं का हिने’ म्हणेपर्यंत जाऊ नळी घेऊन समोर उभी.

“ताई, मी हे लावलं हिला. मघाशी. कुत्र्याचं.”

सबब नाही, रडारड नाही. मी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“नळीवर परमेथ्रिन लिहिलंय?”

“लिहिलंय.”

“शुद्धीत आहे ना? झटके नाहीत ना? मग कोमट पाण्याने, भांड्यांच्या साबणाने धुवा. गरम पाण्याने औषध जास्त मुरतं, गार पाण्याने ती गारठेल. टॉवेलात गुंडाळून घेऊन या, चाटू देऊ नका. उलटी काढायची नाही, दूध पाजायचं नाही. झटके आले तर धुणंबिणं सोडून तशीच आणा. नळी सोबत घ्या.”

धुताना ठमीने आम्हा दोघींना ओरबाडून काढलं. “चांगलं लक्षण आहे, अंगात अजून रग आहे,” जाऊ म्हणाली. मी ठमीला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात शिरेतून स्नायू सैल करणारं इंजेक्शन, सलाइन, सारखा ताप बघणं. या विषाला उतारा नाही. ते अंगातून जाईपर्यंत थरथर आवरून धरायची, एवढंच हाती.

“पण अर्धंच लावलं होतं,” जाऊ पुटपुटली.

“कुत्र्याचं यकृत हे मोडून टाकतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मांजराच्या यकृतात ती सोयच जवळजवळ नाही. त्यात कुत्र्यांचं औषध कडक. अर्धं काय, थोडे थेंबही जीव घेतात. कुत्र्यालाही औषध वाळेपर्यंत हिच्यापासून लांब ठेवा. अंगाला अंग लावून झोपतात ना?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “यांनी लगेच सांगितलं नसतं, तर मी या थरथरीची कारणं शोधत बसले असते. लोक लपवतात हो.”

खरं आहे. मी असते तर आधी नळी पदराआड गेली असती, आणि नंतर तत्त्वज्ञान सुचलं असतं.

ठमी तिसऱ्या दिवशी घरी आली आणि थेट जावेच्या मांडीवर जाऊन बसली. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कृतघ्न कुठली.

“अर्धा चहा घेणार?” मी जावेला विचारलं.

“आज पूर्ण द्या ताई,” ती म्हणाली.

मी काठोकाठ भरून दिला.