सत्यशीलाबाईंचा तुलनात्मक तक्ता

प्रस्तुत लेखिकेने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ताडकळसच्या विहारालगत असलेल्या सभागृहात भरणाऱ्या प्रौढ वर्गात अक्षरे गिरवली. त्या वर्गाला सत्यशीलाबाई शिकवत असत, आणि त्यांची ओळख तेथेच झाली. पुढील हकीकत काही त्यांच्याकडून ऐकलेली, तर काही बैठकीत मागच्या सतरंजीवर बसून पाहिलेली आहे.

सत्यशीलाबाई परभणीला एका सरकारी भांडारात लिपिक होत्या. आलेली दरपत्रके शेजारी शेजारी मांडून त्यांचा तुलनात्मक तक्ता करणे, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. निवृत्तीनंतर त्या गावी परतल्या, तेव्हा सभागृहाच्या छताची अवस्था फार वाईट झालेली होती. वानरांची टोळी रोज पिंपळावरून पत्र्यावर उड्या घेई. पत्रा पातळ, त्यामुळे तो दबे आणि स्क्रूची भोके मोठी होत. पावसाळ्यात शिकणाऱ्यांनी पाट्या डोक्यावर धराव्यात, अशी वेळ येई. वस्तीने तीन वर्षे वर्गणी जमवली. एवढी वर्गणी पुन्हा लवकर जमणार नाही, हे सर्वांनाच ठाऊक होते. छत एकदाच व्हायचे होते आणि ते टिकायला हवे होते.

विहार समितीचे अध्यक्ष तात्याराव यांनी तीन दरपत्रके मागवली आणि सर्वांत खालची रक्कम पाहून पूर्णेच्या कंत्राटदाराचे नाव पक्के करायला घेतले. सत्यशीलाबाईंनी तीनही कागद घरी नेले. एकात "उत्तम दर्जाचा पत्रा, बसवून" याखेरीज काहीच नव्हते; तो त्यांनी बाजूला ठेवला. उरले दोन. पूर्णेवाल्याची जाडी अर्धा मिलिमीटर, परभणीच्या परमेश्वर कंत्राटदाराचीही अर्धा मिलिमीटर. तात्याराव म्हणाले, दोन्ही सारखेच आहेत. बाईंनी दाखवले की पूर्णेवाल्याने लेप आणि रंग धरून जाडी लिहिली आहे, म्हणजे आतले पोलाद त्याहून बरेच पातळ. परमेश्वरने मात्र नुसत्या पोलादाची जाडी लिहिली आहे. पूर्णेवाल्याचा गंज रोखणारा जस्त-ॲल्युमिनियमचा लेप चौरस मीटरला सत्तर ग्रॅमचा, परमेश्वरचा दीडशेचा. स्क्रूंपुढे पूर्णेवाल्याने "आवश्यकतेनुसार" लिहिले होते. परमेश्वरने मात्र पत्र्याखालच्या कडेच्या पाइपावर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या पाइपांवर एकाआड एक, असा हिशेब करून रबरी वॉशरसह एकूण संख्या दिली होती. हमीही त्याचीच स्पष्ट होती. पत्र्याला गंजून भोक पडल्यास कंपनीची दहा वर्षे, सांध्यातून गळल्यास त्याची स्वतःची दोन वर्षे, आणि हमी मागता यावी म्हणून कंपनीचे बिल समितीच्या नावाने.

हे सर्व समजावून सांगायला बाईंना तीन बैठका लागल्या. खजिनदार नागसेन हा त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "आत्याबाई, पंगतीत बसलात तर तुमी भाकरीची बी जाडी मोजताल." सगळे हसले. बाईही हसल्या, पण तक्ता त्यांनी खाली ठेवला नाही. अखेर परमेश्वरचे नाव ठरले. त्या रात्री आपण निश्चिंत झोपलो, असे त्या पुढे सांगत.

दुसऱ्या आठवड्यात तात्याराव, नागसेन आणि आणखी दोघे परमेश्वरला स्टँडवरच्या हॉटेलात घेऊन बसले. भाव करायला पुरुषमाणसे जातात आणि तो चहावर होतो, ही तेथली रीत. बाईंना कोणी बोलावले नाही; बोलवावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. दोन चहा झाले. तात्यारावांनी पूर्णेवाल्याचा आकडा पुढे केला, समाजाचे काम आहे म्हणून सांगितले, आणि परमेश्वरने फारशी खळखळ न करता तो आकडा मान्य केला. तात्यारावांनी ही बातमी वस्तीभर सांगितली. चांगला पत्रा हलक्या पत्र्याच्या भावात आणला, म्हणून लोकांनी त्यांची पाठ थोपटली.

सुधारित दरपत्रक आले. समितीने तळची रक्कम पाहिली आणि सही केली. बाईंच्या हाती ते तिसऱ्या दिवशी पडले. त्यांनी जुना कागद शेजारी ठेवला आणि बोट एकेका ओळीवर फिरवत नेले. जाडीचा आकडा तोच होता. त्याच्या पुढे "लेप व रंगासह" हे शब्द आले होते. लेप सत्तर ग्रॅमचा झाला होता. स्क्रू "आवश्यकतेनुसार". हमी "कंपनीच्या नियमांप्रमाणे", आणि बिल कोणाच्या नावाने, ती ओळच नव्हती. परमेश्वरच्या कागदावर आता पूर्णेवाल्याचेच छत उभे होते.

त्या तशाच तात्यारावांच्या घरी गेल्या. तात्याराव जेवत होते.

"ताई, तुमी आता पुन्हा कामून उकरायलात?" ते म्हणाले. "माणसानं शब्द दिलाय. मी समद्या वस्तीला सांगून बसलोय."

"शब्द आकड्याचा दिलाय, तात्या. पत्र्याचा न्हाई."

 तात्यारावांना ओळी कळल्या नव्हत्या असे नाही. वस्तीपुढे पुन्हा उभे राहून काय सांगायचे, हे त्यांना कळत नव्हते. बाईंनी तेथूनच परमेश्वरला फोन लावून बोलावले. तो संध्याकाळी सभागृहात आला. त्याच्या चेहऱ्यावर ना राग, ना संकोच.

"बाई, तात्यांनी भाव उतरवला, मी पत्रा उतरवला," तो म्हणाला. "लपवलं का काई? समदं लिहूनच दिलंय की. तुमच्याशिवाय कुणी वाचलं न्हाई, त्याला मी काय करू?"

बाईंना संताप आला; पण तो कोणावर काढावा, हे त्यांना सुचेना. माणूस खोटे बोलत नव्हता. जी चार माणसे तीन बैठका हा तक्ता ऐकत बसली होती, त्यांनीच दोन चहांत त्याची एकेक ओळ विकली होती, आणि वर आपण जिंकलो असे मानले होते.

पहिल्या दरपत्रकाप्रमाणे काम करायला परमेश्वर तयार होता; पण पहिल्याच भावात. नागसेनने वर्गणी सांगितली. ती घासाघिशीनंतरच्या आकड्याइतकीच उरली होती, कारण वाचलेले पैसे समितीने विहाराच्या कमानीच्या रंगाला देऊन टाकले होते. पुन्हा वर्गणी मागायला कोणी तयार नव्हते. तेव्हा बाई म्हणाल्या की सभागृहापुढचा व्हरांडा सोडून द्यावा; त्यावर जुनाच पत्रा राहू द्यावा आणि सभागृहापुरता जाड पत्रा घालावा. यावर दोन तास वाद झाला. व्हरांडा तर सगळ्यांना दिसतो, असे तात्यारावांचे म्हणणे. शेवटी बाईंनी पातळ पत्र्यावरची वानरे डोळ्यांपुढे उभी केली, तेव्हा कुठे होकार मिळाला. जुन्या ओळी नव्या कागदावर शब्दशः उतरवून त्यांनी परमेश्वरची सही घेतली. पत्रे आले त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या खालच्या बाजूला छापलेली जाडी व लेप वाचला आणि बिलावरचे नाव पाहिले.

आता वर्ग कोरड्या जागी भरतो. वानरे उड्या मारतात, आवाज होतो, पाणी येत नाही. परंतु चपला काढायला थांबणारा माणूस व्हरांड्यात भिजतो आणि वर पाहून म्हणतो, "हा सत्यशीलाबाईंचा व्हरांडा." सभागृह कोणामुळे कोरडे राहिले, हे कोणी म्हणत नाही. तात्यारावांनी भाव कसा पाडला होता, ते मात्र अजूनही सांगितले जाते. बाई ते ऐकतात आणि फळ्यावर पुढचे अक्षर काढतात.

गेल्या पावसाळ्यानंतर विहाराच्या कुंपणाचे काम निघाले आणि समितीपुढे पुन्हा तीन दरपत्रके आली. तक्ता करून द्याल का, असे विचारायला तात्याराव स्वतः वर्गात आले. बाईंनी खडू खाली ठेवला.

"करून देते," त्या म्हणाल्या. "फक्त भाव करायला जाताल तवा मला संगं न्या."