आले नळास जल हे

शोभाताई गेल्याचा तिच्या मुलीचा, राणीचा फोन आला तेव्हा मी नुसतीच शोभाताईवर चिडले. दुखणं अंगावर काढायची काय हौस असते या बायकांना... आज महिना झाला. राग तसाच आहे, फक्त आता त्याला दुसरा माणूस सापडलाय.

पन्नाशी उलटल्यावर ती एम.ए.ला बसली. दर रविवारी लातूरहून एसटीनं नांदेडला छंदशास्त्राच्या तासाला यायची, माझ्याच बाकावर बसायची. सरांनी गृहपाठ दिला, वसंततिलका वृत्तात वसंतातल्या सकाळची स्तुती करा. चौदा अक्षरं, त, भ, ज, ज हे गण आणि शेवटी दोन गुरू, आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. आम्ही सगळ्यांनी आंब्याचा मोहोर आणि भुंगे कोंबले. शोभाताईनं लिहिलं,

झाली पहाट सखये, उठ लौकरी गं
आले नळास जल हे, भर घागरी गं
कोकीळ गाइल पुढे, तिज काय घाई
हंड्यात वाजत असे जलगीत बाई

सरांनी दुसरी ओळ फळ्यावर फोडली. आलेन, ळासज, लहेभ, रघाग, री, गं. एक मात्रा इकडची तिकडे नव्हती, ‘हे’वर यती चोख. तरी गुण कापले. म्हणाले, यात वसंत कुठाय, स्तुती कुठाय?

“सर, आठ-आठ दिवसांनी नळ येतो आमच्याकडं,” ती म्हणाली. “आला की समदी गल्ली हसत उठती. याच्याहून मोठी स्तुती मला येत न्हाई.”

सरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती मात्र घरी पाणी भरताना तोच श्लोक म्हणायची, आठव्या अक्षराशी थांबून.

परवा नांदेडला तिची शोकसभा झाली. सरांनीच श्लोक छापून वाटला, वर तिचा फोटो. मी वाचला आणि माझं डोकंच फिरलं. ‘आले नदीस जल हे.’ खाली ‘हंड्यात’च्या जागी ‘रानात’. गण एकही मोडला नव्हता, तेवढी हुशारी सरांकडे आहेच. पण चैत्रात आमच्याकडच्या नद्यांत वाळू असते. शोभाताईनं जन्मात खोटी ओळ लिहिली नसती.

मी उभी राहिले, विचारलं. सर शांतपणे म्हणाले, “कार्यक्रमाला जरा बरं दिसावं म्हणून. वृत्त तर शुद्ध आहे ना?”

“वृत्त शुद्ध हाय सर,” मी म्हणाले. “बाई बदलली तुम्ही.”

सर पुढच्या वक्त्याचं नाव पुकारू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतली राणी उठली. तिला ना गण ठाऊक, ना यती. तिनं हातातला तो छापील कागद सरांसमोर टेबलावर ठेवला.

“ही माझी आई न्हाई, सर,” ती म्हणाली आणि तिथला हार घातलेला आईचा फोटो उचलून चालू लागली.