रिकव्हरी कोड कुठे ठेवायचे

आमची सॉफ्टवेअरची कंपनी म्हणजे यवतमाळात एका मेडिकलच्या दुकानावरची खोली, मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. पडद्यावर माणसाला काय दिसावं, हे मी ठरवायची. मागचं सगळं तो बांधायचा. त्या वर्षी आम्ही एका रक्तपेढीसाठी वेबवर चालणारी व्यवस्था केली होती. कुठल्या साठवण केंद्रात कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते त्यात दिसायचं, आणि पिशवी कोणी मागितली, कोणी दिली याची नोंदही तिथेच व्हायची. त्यात रुग्णांची नावं होती, म्हणून रक्तपेढीने दुहेरी पडताळणी मागितली. आधी पासवर्ड, मग मोबाईलमधल्या ॲपवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा आकडा.

मोबाईल हरवला तर काय, यासाठी रिकव्हरी कोड, म्हणजे त्या आकड्याऐवजी टाकायचे राखीव कोड. नोंदणी करताना ते एकदाच दिसतात आणि एक कोड एकदाच चालतो. त्या पडद्यावरून आमचं भांडण झालं होतं. माझं म्हणणं होतं, कोड दाखवून झाले की त्यातला एक माणसाकडून टाईप करून घ्यायचा, तोवर पडताळणी सुरूच करायची नाही.

"एवढ्या पायऱ्या ठेवल्या तर लोक अर्ध्यातून पळतील," मित्र म्हणाला. "ड्युटीवरची माणसं आहेत, त्यांना वेळ कुठे असतो?"

त्यातही तथ्य होतं. शेवटी 'डाउनलोड करा' हे बटन आणि 'मी कोड जपून ठेवले आहेत' असा एक चौकोन, यावर तडजोड झाली. चौकोनात टिचकी मारली की काम संपलं.

पंधरवडाही झाला नसेल. भर दुपारी फोन आला. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, मी वणीच्या केंद्रातून बोलतो, टेक्निशियन. माहा मोबाईल पाण्याच्या टाक्यात पडला. मले आत जाता येऊन नाही राह्यलं."

"रिकव्हरी कोड आहेत ना तुमच्याकडे?"

"ते मोबाईलमधीच हायेत न! डाउनलोड केलते."

मी डोळे मिटले. त्याने नोंदणी मोबाईलवरच केली होती. फाईल त्याच मोबाईलमध्ये उतरली आणि आता दोन्ही एकदमच गेलं होतं.

"मग तुमीच सांगा न एखादा कोड. तुमच्याकडं असनच."

"नाही हो. आम्ही ते कोड तसेच्या तसे ठेवतच नाही. टाकलेला कोड बरोबर की चूक, एवढंच आमची यंत्रणा ओळखते. मलाही वाचता येत नाहीत."

"मग ते दुसरी पायरी काढून टाका माह्या खात्याची. बाळंतपणाची पेशंट हाय, लय ब्लीडिंग होऊन राह्यलं. बी निगेटिव्ह पाह्यजे. आमच्या फ्रीजमधी नाही, दुसरीकडं कुठं हाय ते पाहाचं हाय. लवकर करा मॅडम!"

मित्र माझ्या शेजारी उभा होता. पायरी काढणं त्याच्या हातात होतं. तो कुजबुजला, "काढतो. आवाज ऐक ना त्याचा."

आवाज मी ऐकतच होते. पण तो कोणाचा, ते मला माहीत नव्हतं. नंबर नवा, माणूस कधी भेटलेला नाही. फोनवर घाबरा आवाज ऐकून आम्ही कुलूप काढणार असू, तर ते बसवलंच कशाला? आणि तो खरा असेल तर?

"थांब," मी मित्राला म्हणाले. "त्याला आत्ता खातं नको आहे, रक्त हवं आहे."

साठ्याचे आकडे आमच्या बाजूलाही दिसायचे, रुग्णांची माहिती तेवढी दिसत नव्हती. मित्राने खुर्ची ओढली. बी निगेटिव्ह पांढरकवड्याच्या केंद्रात दिसत होतं. मी फोनवर म्हणाले, "भाऊ, पांढरकवड्याला आहे. तिथल्या केंद्राला आत्ताच फोन करा, मागणी कागदावर लिहून गाडी पाठवा. नोंद मागाहून करता येईल. खातं मात्र मी खात्री झाल्याशिवाय उघडणार नाही."

"म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो का?"

"तसं नाही हो."

त्याने फोन ठेवून दिला.

वणीचं केंद्र ज्या रुग्णालयात होतं, त्याच्या आमच्याकडे नोंदवलेल्या नंबरवर मी फोन लावला. एका सिस्टरने उचलला. "हो, ब्लड स्टोरेजमध्ये एक भाऊ आहेत, पण मी कालच लागली इथं, नाव नाही माहीत." केंद्राचे प्रमुख डॉक्टर त्याच बाईच्या ऑपरेशनमध्ये होते. निरोप ठेवण्यापलीकडे काही करता येईना. मित्र माझ्याशी बोलत नव्हता. मी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. पांढरकवड्याचा आकडा पडद्यावर जुना असला तर? तिथली पिशवी सकाळीच कोणी नेली असली तर? पुन्हा फोन करावा तर तिथली लाईन अडेल, म्हणून तोही करवेना.

संध्याकाळी रुग्णालयाच्या त्याच नंबरवरून डॉक्टरांचा फोन आला.

"टेक्निशियन आमचाच आहे. माझ्यासमोर उभा आहे. बाईच्या जिवावर बेतलं होतं आणि तुम्ही त्याला ओळख विचारत बसलात?"

"बाई कशी आहे, सर?"

"आहे. रक्त पोचलं वेळेवर. बाळही ठीक आहे."

मग मित्राने त्या खात्याची दुसरी पायरी काढली आणि पुढच्या लॉगिनला नव्याने नोंदणी करावीच लागेल असं करून ठेवलं.

त्या आठवड्यात आम्ही तो पडदा पुन्हा केला, यावेळी न भांडता. कोडांच्या वर ठळक लिहिलं, 'हे कोड याच मोबाईलमध्ये ठेवू नका.' डाउनलोडच्या आधी छपाईचं बटन आणलं. कोडांतून शून्य आणि ओ यांसारखी गोंधळात टाकणारी अक्षरं काढली. पुढच्या पडद्यावर कोड झाकलेले, आणि त्यातला एक टाईप केल्यावरच पडताळणी सुरू. तो कोड खर्ची पडणार नाही अशीही सोय केली.

तो नवा पडदा लोक कसा वापरतात ते पाहायला मी एसटीने वणीला गेले. टेक्निशियन माझ्याच वयाचा निघाला. माझ्याकडे न पाहताच त्याने नवा मोबाईल काढला. कोड दिसल्याबरोबर त्याने काय करावं? स्क्रीनशॉट काढला. वरची ठळक ओळ त्याने वाचलीच नव्हती. माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. आज फक्त पाहायचं, असं ठरवून आले होते.

पुढच्या पडद्यावर कोड मागितला तसा तो फोटो शोधायला लागला आणि मधेच थांबला.

"हा मोबाईल पुन्हा बुडला त हे बी बुडन न?"

"हो."

"मग असं लिवा न मॅडम, मोबाईल गेला त फोटो बी जाईन. 'ठेवू नका' कोन वाचते?"

मी तिथेच ती ओळ बदलून घ्यायला मित्राला फोन केला. टेक्निशियनने स्क्रीनशॉट पुसला, मागच्या पडद्यावर जाऊन कोड केंद्रातल्या प्रिंटरवर काढले, घडी घालून ओळखपत्राच्या पाकिटात सरकवले. "आनि पाकीट हारपलं त?"

"पासवर्ड त्यात लिहू नका म्हणजे झालं, नुसत्या कोडावर कोणी आत येणार नाही. मग डॉक्टरसाहेब तुम्हाला समोर पाहून नवी नोंदणी उघडून देतील. फोनवर नाही."

डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. "म्हणजे आता ती जबाबदारी माझ्यावर?"

"हो, सर. तुम्ही यांना ओळखता. मी ओळखत नव्हते."

टेक्निशियनने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्या दिवशी लय राग आलता तुमचा," तो म्हणाला. "च्या घेता का?"