टिक्कीचा आलू, रश्श्याचा आलू

माझं अक्षर वाईट आहे आणि काना-मात्रा चुकतात, माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, पण लिहून ठेवावं वाटलं.

माझे मालक वारल्यावर मी अकोल्यात, जठारपेठेत, आलूटिक्कीची गाडी लावली. पैसे थोरल्या नणंदबाईंनी दिले. त्या अमरावतीला मेस चालवतात. ते पैसे त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. "माहा गुडघा थांबते, तुही चूल नाही थांबत," एवढंच म्हणाल्या.

पण गाडी चालेना. टिक्की तव्याला चिकटायची, तेल प्यायची, आत कच्च्या गाठी लागायच्या. एका गिऱ्हाइकाने अर्धी टिक्की तशीच ठेवली, पैसे दिले आणि निघून गेला. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. तिकडे नणंदबाईंचा पाय वाकत चालला होता.

हिवाळ्यात एका सकाळी त्या लंगडत आल्या. मी आंघोळीच्या बंबातलं कढत पाणी गंजात ओतून त्यात आलू सोडत होते. गॅस वाचावा म्हणून माझी तीच रीत होती. त्यांनी माझा हात धरला.

"अवं, आलूले आंघोळ घालून राहिली का तू?"

"लवकर शिजते, ताई."

"वरून फुटते अन् आत कच्चा राह्यते. थंड्या पाण्यात चढव. आतबाहेर संगंच तापला पायजे."

मग त्यांनी पोत्यातला एक आलू चिरला. मी मुद्दाम निवडून आणलेला, नवा, पातळ सालीचा, चकचकीत. दोन फोडी एकमेकींवर घासल्या. नुसतं पाणी सुटलं.

"हा रश्श्याचा. फोड मोडत नाही. टिक्कीत याचा डिंक होते."

बाजारातून त्यांनी जाड, खरबरीत सालीचा जुना आलू आणवला. "दिसाले माह्यासारखा हाय," म्हणाल्या आणि एकट्याच हसल्या. त्याच्या फोडी घासल्या तर पांढरा फेस आला. तो मिठाच्या थंड पाण्यात, मंद आचेवर चढवला. शिजल्यावर निथळून कापडावर पसरला, वाफ जाऊ दिली आणि गरम असतानाच कुस्करला. पिठासारखा मोकळा झाला. त्या दिवशी एकही टिक्की फुटली नाही. नव्या आलूचा रस्सा झाला, तोही पावासोबत खपला.

तेव्हापासून दर महिन्याला थोडे पैसे अमरावतीला जाऊ लागले. घेताना त्या मोजत नसत, मला लाज वाटेल म्हणून.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तेव्हा मी दही घातलेलं आलूचं भरीत घेऊन गेले. त्यांना खाली बसता येत नव्हतं. खाटेवरच दोन घास खाल्ले, जिभेवर घोळवले.

"जुना हाय," म्हणाल्या. "थंड्या पाण्यातला."

मी मान हलवली आणि फेडायचे राहिलेले सगळे पैसे त्यांच्या ओंजळीत ठेवले.